दोराचा फोटो आणि दोरावरचा माणूस

पावसाळा सरला आणि भिंती वाळल्या की शहरांतल्या गृहनिर्माण संस्थांत इमारत रंगवण्याची घाई सुरू होते. सर्वसाधारण सभेत रंगाच्या छटेवर तासभर वाद होतो. कोणत्या कंपनीचा रंग, किती हात, किती वर्षांची हमी, हे सारे इतिवृत्तात नोंदले जाते. ज्या दोराला लटकून एक माणूस सातव्या मजल्याची भिंत घासणार आहे तो दोर कसला, हा विषय मात्र कार्यक्रमपत्रिकेवर येत नाही. एखाद्या सभासदाने विचारलेच, तर कंत्राटदार सचिवांना व्हॉट्सॲपवर एक फोटो धाडतो. निळ्या दोराचे वेटोळे आणि खाली दोन शब्द: 'नायलॉन, नवीन'. सचिव तो फोटो गटावर टाकतात, चार जण अंगठा दाखवतात आणि प्रश्न मिटतो.

माझे म्हणणे असे की तो फोटो मान डोलावण्यासाठी नसतो, वाचण्यासाठी असतो. तो वाचता येणे अवघड नाही. शाळा शिकलेल्या कोणाही माणसाला अर्ध्या तासात जमेल. आणि ज्याच्या भिंतीसाठी दुसरा माणूस जीव टांगतो, त्याने हा अर्धा तासही न देणे हा गुन्हाच आहे, मग कायद्याच्या पुस्तकात त्याला काहीही म्हणोत.

तो निळा दोर बघू. बाजारात प्लास्टिकच्या कुठल्याही दोराला सरसकट नायलॉन म्हणतात. म्हणून आधी फोटोखालचा मजकूर बाजूला ठेवायचा आणि फोटो मोठा करून दोराचे तंतू बघायचे. पदर चपट्या, फितीसारख्या पट्ट्यांचे आहेत का? कडेला राठ, ताठ केस उभे राहिलेत का? वेटोळे जमिनीवर मऊपणे न पसरता स्प्रिंगसारखे फुगून राहिले आहे का? रंग भडक आहे का? हे सगळे दिसले तर तो दोर बहुतकरून पॉलिप्रोपिलीनचा असतो. खरा नायलॉनचा पीळदार दोर बहुधा पांढरा किंवा किंचित पिवळसर असतो. त्याचे तंतू रेशमासारखे बारीक असतात, त्यांना मऊ झळाळी असते आणि वेटोळे अंग टाकून पडते. रंग हा निर्णायक पुरावा नव्हे, कारण रंगीत नायलॉनही मिळतो. तंतूची जात मात्र सहसा लपत नाही. चांगल्या कारखान्याच्या दोरात ओळखीचा एक रंगीत धागाही गुंफलेला असतो. आंतरराष्ट्रीय संकेतानुसार तो नायलॉनला हिरवा, पॉलिएस्टरला निळा आणि पॉलिप्रोपिलीनला तपकिरी असतो. तो दिसला तर उत्तम. पण आपल्या हार्डवेअरच्या दुकानातल्या स्वस्त दोरात त्याची अपेक्षा धरू नये.

फोटोवरून शंका उरली तर दोराचा वीतभर तुकडा मागवावा आणि बादलीभर पाण्यात टाकावा. हातातून सोडण्याआधी तो पाण्याखाली नीट चुरावा, म्हणजे तंतूंत अडकलेली हवा निघून जाईल. पॉलिप्रोपिलीन पाण्यापेक्षा हलके असते, ते तरंगते. नायलॉन आणि पॉलिएस्टर दोन्ही बुडतात. 'नायलॉन, नवीन' म्हणून आलेला दोर बादलीत तरंगू लागला, तर त्या कंत्राटदाराच्या बाकीच्या शब्दांची किंमतही तिथेच कळते.

जाडीही फोटोतच मोजता येते. दहा रुपयांचे नाणे २७ मिलिमीटर रुंद असते. दोराचे दोन वेढे एकमेकांना चिकटवून त्यांच्यावर ते नाणे ठेवायला सांगावे आणि कॅमेरा बरोबर वरून धरायला लावावा. १२ मिलिमीटरच्या दोराचे दोन वेढे मिळून २४ होतात, म्हणजे ते नाण्याखाली झाकले जातात. १६ चे दोन मिळून ३२ होतात, ते नाण्याच्या दोन्ही बाजूंनी बाहेर दिसतात. बिलात १६ आणि गच्चीवर १२, ही चोरी एका नाण्याने उघडी पडते.

आता या पॉलिप्रोपिलीनच्या दोराला मी वाईट म्हणतो आहे असे कोणी समजू नये. तो हलका आहे, पाण्यात कुजत नाही, तरंगतो, आम्ल आणि अल्कली दोन्हींना दाद देत नाही, आणि स्वस्त आहे. मासेमाराच्या जाळ्याला, विहिरीच्या पोहऱ्याला, टेम्पोवरचा माल आवळायला तो योग्यच आहे. माणूस टांगायला तो योग्य नाही, आणि याचे कारण नीट समजून घ्यावे लागते, कारण कागदावरचे गणित कंत्राटदाराच्या बाजूने लागते.

गणित असे. १२ मिलिमीटरचा नवा पॉलिप्रोपिलीन दोर तुटायला साधारण दोन हजार किलोचा ताण लागतो. माणूस सत्तर किलोचा, बसायची फळी, रंगाचा डबा, ब्रश, पाण्याची बाटली धरून सगळे मिळून शंभर. माणसासाठी दहापट राखीव ताकद धरावी असा अंगठेनियम घेतला तरी हजारात भागते. दोन हजार तर आपल्याकडे आहेत. मग कंत्राटदार म्हणतो, 'साहेब, यावर गाडी टांगली तरी तुटायचा नाही.' नव्या, सरळ, बिनगाठीच्या दोराबाबत तो खरेही बोलत असतो.

पण गच्चीवर दोर सरळ कधी नसतो. त्याला गाठ मारावी लागते, आणि गाठीत दोराची जवळजवळ अर्धी ताकद जाते. राहिले हजार. पुढे तो कठड्याच्या सिमेंटच्या धारेवरून खाली वळतो. तिथे दिवसभर माणसाच्या हालचालीने तो करवतीखाली धरल्यासारखा घासला जातो. गेल्या हंगामात तो उन्हात पडलेला असेल, तर उन्हाने त्याचे तंतू ठिसूळ केलेले असतात. पॉलिप्रोपिलीनला ऊन फार बाधते. असा दोर हातात चोळला की पांढरट भुकटी निघते. आणखी एक गोष्ट: दोराला वेढा देऊन माणूस खाली सरकतो तेव्हा घर्षणाने उष्णता निर्माण होते. पॉलिप्रोपिलीन सुमारे १६५ अंशांना वितळते आणि त्याच्या कितीतरी आधी मऊ पडू लागते. नायलॉन दोनशेच्या पुढे वितळते. तापून गेलेल्या जागी दोर चकचकीत आणि काचेसारखा कडक होतो. असे डाग फोटोत स्पष्ट दिसतात. ते दिसले की तो दोर माणसासाठी संपला असे समजावे.

एवढे सगळे झाल्यावर शेवटी धक्क्याचा प्रश्न उरतोच. फळी निसटली आणि ऐंशी किलोचा माणूस मीटरभर खाली जाऊन दोराने थांबला असे धरा. दोर कडक असेल आणि दहा सेंटिमीटरांत त्याला रोखत असेल, तर त्या क्षणी दोरावर सरासरी ८८० किलोचा ताण येतो. तोच दोर पन्नास सेंटिमीटर ताणला जाऊन थांबवत असेल, तर ताण २४० किलोवर येतो. गाठ, धार आणि ऊन यांनी हजाराच्या खाली आणलेल्या दोरावर ८८० किलो आले की काय होणार हे सांगायला इंजिनिअर लागत नाही. शिवाय ही सरासरी झाली. प्रत्यक्ष झटक्याचे टोक याहून वर जाते. आणि दोराने तग धरला तरी इतका झटका माणसाचा कणा मोडायला पुरेसा ठरू शकतो.

या हिशेबावरून कोणी म्हणेल, मग नायलॉनच बरा, तो ताणला जातो. ताणला जातो हे खरे. बोट धक्क्याला बांधायला किंवा अडकलेली गाडी ओढायला तो म्हणूनच पसंत केला जातो. ओला झाला की तो थोडा अशक्त होतो, पण ते सोसण्यासारखे असते. न सोसण्यासारखी गोष्ट वेगळीच आहे. जुन्या इमारतीच्या लाद्या, सिमेंटचे डाग आणि हिरवी बुरशी काढायला आपल्याकडे सर्रास अॅसिड वापरतात. नायलॉनला आम्ल खाते. अॅसिडने धुण्याच्या कामात खाली सोडलेल्या नायलॉनच्या दोरावर शिंतोडे उडतात, ते वाळतात आणि वरून काही दिसत नाही. दोर पांढराच राहतो. तोच दोर पुढच्या महिन्यात रंगकामाला येतो. फोटोची हद्द इथे संपते. दोराची जात, जाडी, वरची झीज आणि तापल्याचे डाग फोटो सांगतो. दोराने आजवर काय भोगले ते फोटो सांगत नाही. म्हणून ज्या दोराचा इतिहास लिहून ठेवलेला नाही, त्याला माणसाचा जीव बांधू नये. 'मागच्या साइटवर चांगला चालला' ही शिफारस मानायचे कारण नाही. उलट त्या साइटवर काय काम झाले हे आधी विचारले पाहिजे.

तागाची सुतळी आणि काथ्याचा दोर यांची ओळख पटवायला फारसे कष्ट नकोत. ताग सोनेरी-तपकिरी, मऊ, बारीक लव असलेला. काथ्या गडद तपकिरी, राठ, हाताला टोचणारा. घायपाताचा दोर फिकट पिवळसर आणि ताठ तंतूंचा. पेटवले तर हे कागदासारखे जळतात आणि राख होते. प्लास्टिकचे दोर वितळून थेंब होतात. हे नैसर्गिक दोर बांधण्यासाठी आहेत. बांबूची परांची बांधायला काथ्या पिढ्यान्‌पिढ्या वापरला जातो तो अडाणीपणाने नव्हे. राठ तंतू बांबूच्या गुळगुळीत अंगाला धरून राहतात, तिथे चकचकीत प्लास्टिकची दोरी सटकते. पण काथ्या आणि ताग पावसाने आतून कुजतात. वरून दोर धडधाकट दिसतो आणि पीळ उलगडला की आतले तंतू काळपट निघतात, बोटांत मोडतात, त्यांना मातीचा वास येतो. म्हणून या दोराचा फोटो मागायचा असेल तर पीळ उलगडून आतल्या अंगाचा मागावा. वरच्या अंगाच्या फोटोला इथे काही किंमत नाही. आणि परांची बांधायला आणलेला सुतळीचा गुंडा झुल्याला आधार म्हणून कुठेही वापरलेला दिसला, तर काम त्याच क्षणी थांबवावे.

साखळी दिसली की लोकांचा धीर वाढतो. लोखंड आहे, ते कसे तुटेल? गच्चीवर झुल्याची तुळई किंवा चेन पुली बांधायला बऱ्याचदा फाटकाला लावतात तसली साखळी वापरलेली दिसते. तिच्या फोटोत दोन गोष्टी बघाव्यात. पहिली कडीची लांबी. उचलण्याच्या कामाच्या साखळीच्या कड्या आखूड असतात. एका कडीच्या आतली लांबी सळीच्या जाडीच्या साधारण तिप्पट असते. लांबट कड्यांची साखळी वजन उचलण्यासाठी बनवलेलीच नसते. ती वाकते, पिळली जाते, कडीवर कडी चढते. दुसरी गोष्ट शिक्का. उचलण्याच्या मिश्र पोलादाच्या साखळीवर ठरावीक अंतराने कडीवर ८ किंवा ८० हा आकडा इंग्रजीत ठोकलेला असतो. त्या दर्जाच्या ८ मिलिमीटरच्या साखळीच्या एका सरळ पदरावर दोन टन टांगायला परवानगी असते. दिसायला तेवढीच जाड, पण बिनशिक्क्याची साखळी किती उचलेल हे दुकानदारालाही ठाऊक नसते. जोड दिलेल्या जागी चीर, कडीच्या टोकाला झिजून पडलेली खाच, ताणून लांबलेली कडी, मध्येच नट-बोल्टने जोडलेला तुकडा, यांतले काहीही फोटोत दिसले तर ती साखळी फाटकाला परत जाऊ द्यावी.

मग माणसासाठी दोर कोणता? त्याच्या फोटोत पीळ दिसत नाही. वर गुळगुळीत विणलेले आवरण असते आणि आत तंतूंचा गाभा. तुकडा कापला तर दोन्ही वेगळे दिसतात. हा कमी ताणला जाणारा दोर नायलॉन किंवा पॉलिएस्टरचा असतो, साधारण ११ मिलिमीटर जाड. युरोपातील ईएन १८९१ या मानकाच्या 'ए' प्रकारात त्याने किमान २२ किलोन्यूटन, म्हणजे सव्वादोन हजार किलोंच्या आसपास ताण सोसला पाहिजे. आकडा त्या निळ्या दोराच्या आकड्याजवळच आहे हे लक्षात घ्या. फरक आहे तो खात्रीचा. या दोराच्या टोकावर पट्टी असते आणि तिच्यावर मानक आणि जाडी छापलेली असते. भार पेलणाऱ्या गाभ्यावर आवरण असल्याने धारेचा घाव आधी आवरणावर बसतो आणि तो डोळ्यांना दिसतो. दोराला जोडायची उपकरणे याच जाडीसाठी बनवलेली असतात, त्यामुळे माणसाला हाताच्या वेढ्यावर विसंबावे लागत नाही. धक्का शोषायला पट्ट्यासोबत वेगळा भाग येतो. पट्टा कमरेचा नको, सर्वांगाचा हवा. आपल्याकडे त्यासाठी आयएस ३५२१ हे मानक आहे आणि पट्ट्यावर तसा छाप असतो. आणि दोर एक नव्हे, दोन. एकावर काम, दुसऱ्यावर जीव, आणि दोन्ही वेगवेगळ्या ठिकाणी बांधलेले. पाण्याच्या टाकीचा पाइप आणि छत्रीच्या अँटेनाचा खांब ही दोर बांधायची ठिकाणे नव्हेत.

हे सगळे महाग पडते, असे मला सांगितले जाते. पडतेच. पण ही बचत कोणाच्या खिशात जाते आणि कोणाच्या अंगावरून होते, हे एकदा स्पष्ट बोलायला हवे. दोर निवडतो कंत्राटदार, पैसे वाचतात सभासदांचे आणि लटकतो तिसराच. तो बहुधा बिहारचा, बंगालचा किंवा आमच्याच मराठवाड्यातला असतो. रोजंदारीवर असतो. दोर नाकारला तर संध्याकाळी हातात काही पडणार नाही हे त्याला ठाऊक असते. त्यामुळे 'त्याने स्वतःच मान्य केले' या म्हणण्याला नैतिक अर्थ नाही. ज्याला नाही म्हणायची सोय नाही, त्याचे हो हे संमतीत धरता येत नाही.

आणि माणूस पडला की आमच्या तोंडी एक वाक्य तयार असते: त्याची वेळ भरली होती. गाठीत गेलेली अर्धी ताकद, कठड्याची धार, उन्हाने झालेली भुकटी, अॅसिडचे शिंतोडे, या चार ठळक कारणांवर आपण या एका वाक्याचे पांघरूण घालतो. खंडेनवमीला आपण हत्यारांची पूजा करतो. दोरालाही हळदकुंकू वाहतात, फूल ठेवतात. त्या श्रद्धेबद्दल माझी तक्रार नाही. पण ज्या हाताने दोराला कुंकू लावले, त्या हाताने दर हातभर अंतरावर त्याचा पीळ उलगडून आत पाहिले नाही, तर ती पूजा देवापर्यंत जाते की नाही मला माहीत नाही, दोरावरच्या माणसापर्यंत ती पोहोचत नाही एवढे नक्की. वेळ भरते ती दोराची. तिची लक्षणे बहुतेकदा आठवडाभर आधी डोळ्यांना दिसत असतात.

म्हणून संस्थांच्या पदाधिकाऱ्यांना माझी विनंती आहे. रंगकामाचे दरपत्रक मंजूर करण्याआधी कंत्राटदाराकडून वेटोळ्याचा एक फोटो घेऊन थांबू नका. दोराच्या टोकावरची छापील पट्टी वाचता येईल असा फोटो मागा. नाणे ठेवून दोन वेढ्यांचा मागा. दोर दोन्ही हातांत वाकवून, पूर्ण लांबीभर आवरण दाखवणारा छोटा व्हिडिओ मागा. गच्चीवर दोन्ही दोर कुठे बांधलेत आणि कठड्याच्या धारेवर दोराखाली जाड रबर किंवा गोणपाट घातले आहे का, ते दाखवणारा मागा. दोर कधी घेतला आणि आजवर कोणत्या कामाला वापरला, हे सहीनिशी लिहून घ्या. हे कागद इतिवृत्ताला जोडा, म्हणजे उद्या 'आम्हाला माहीत नव्हते' असे कोणाला म्हणता येणार नाही. मग एकाने स्वतः गच्चीवर जाऊन फोटोतला दोर आणि समोरचा दोर एकच आहे का ते पाहावे, कारण फोटो दुसऱ्या दोराचाही असू शकतो. हे रोज सकाळी काम सुरू होण्याआधी व्हायला हवे, आणि ज्याला त्या दोरावर उतरायचे आहे त्याला जवळ बोलावून, त्याच्या हातात दोर देऊन व्हायला हवे. त्याने नको म्हटले तर त्या दिवसाची मजुरी संस्थेने द्यावी, हेही करारात लिहा. यांतले काहीही मिळायचे राहिले असेल, तर तोपर्यंत तुमच्या गच्चीवरून एकाही माणसाला खाली उतरू देऊ नका.